पावणेसतरा: तीन शिकाऊ, सात आठवडे आणि एक साधा शर्ट

आषाढी एकादशी रविवारी होती आणि दुसऱ्या दिवशी, ७ जुलै २०२५ ला, ऐरोलीतल्या माझ्या दुकानात तीन शिकाऊ माणसं आली. शाळेच्या गणवेशांची घाई जूनअखेर संपते आणि गणपतीच्या शर्टांची ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. मधले पाच-सहा आठवडे शिकवायला मिळतात, म्हणून मी तीच वेळ धरली होती. माप घेणं, त्यावरून साध्या शर्टचा कागदी नमुना काढणं आणि चूक कापडावर जाण्याआधी पकडणं, एवढंच मला शिकवायचं होतं. शिवणकाम त्यात नव्हतं. कटिंग शिकवणारे पुष्कळ आहेत, पण चूक नेमकी कुठे जन्मली ते कसं शोधायचं, हे मला स्वतःला कुणी सलग सांगितलं नव्हतं. कुणी माझ्यासारखं पहिल्यांदा शिकवायला बसलं असेल तर उपयोग व्हावा म्हणून आमचं काय काय झालं ते क्रमाने लिहिते.

तिघं तीन तऱ्हेची होती. दिघ्याची मुलगी एकोणीस वर्षांची, बारावी झालेली. दिघा गाव स्टेशन झाल्यापासून तिला ऐरोली एकाच स्टेशनावर आलं आहे. कळव्याचा मुलगा वीस वर्षांचा. तो इंग्रजी माध्यमात शिकला आणि हाताने चपळ आहे. तिसऱ्या एक ताई. त्या माझ्याच वयाच्या आणि बारा वर्षं घरी ब्लाऊज शिवणाऱ्या. मुलं मला काकू म्हणतात. ताई आणि मी एकमेकींना ताईच म्हणतो.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण त्यात माझा महिना गेला. मुलांची रीतसर शिकाऊ उमेदवार म्हणून नोंद करावी, त्यांना प्रमाणपत्र मिळावं, असं मनात होतं. सरकारी पोर्टलवर माहिती भरायला बसले तेव्हा कळलं की त्यासाठी आस्थापनेत किमान ४ माणसं कामाला हवीत. ४ ते २९ माणसं असतील तर शिकाऊ घेणं ऐच्छिक, ३० पासून बंधनकारक. माझ्याकडे माणसं दोनच. तो मार्ग बंद झाला. मग साध्या कागदावर आपसात लिहून घेतलं: सकाळी १० ते २, फी नाही, जाण्यायेण्याला मुलांना महिना ३,००० रुपये, आणि गिऱ्हाइकाच्या कापडाला मी सांगेपर्यंत कात्री लावायची नाही. दोन्ही मुलांच्या पालकांच्या सह्या घेतल्या. मुलं सज्ञान आहेत, पण घरच्यांना वेळा आणि पैसे माहीत असले की पुढे गैरसमज होत नाहीत.

ताईंनी फेब्रुवारीतच पीएम विश्वकर्मा योजनेत नाव घातलं होतं. शिंपीकाम त्या योजनेच्या १८ व्यवसायांपैकी एक आहे. कॉमन सर्व्हिस सेंटरवर आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड घेऊन गेल्या. अर्जाची तपासणी तीन पायऱ्यांत होते आणि पहिल्याच पायरीला त्यांचा अर्ज सात आठवडे पडून राहिला. त्या तीनदा चौकशीला गेल्या, तिन्ही वेळा ‘पुढच्या आठवड्यात’ ऐकून परत आल्या. शेवटी ४० तासांचं प्रशिक्षण झालं. दिवसाला ५०० रुपये भत्ता मिळाला आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर. प्रशिक्षणात मशीनवर भर होता, मापाला एकच दुपार मिळाली, असं त्या म्हणाल्या. म्हणून माझ्याकडे आल्या. अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगते की मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे का ते घरीच बघून निघा. ओटीपी न आल्यामुळे ताईंची पहिली फेरी फुकट गेली होती.

पहिल्या दिवशी मी माणसाचं माप घ्यायला दिलंच नाही. दुकानातले पाच टेप टेबलावर मांडले आणि जांभळी नाक्यावरून आणलेली स्टीलची पट्टी बाजूला ठेवली. प्रत्येक टेप ताण न देता पट्टीला लावून बारा-बारा इंचांनी पुढे सरकत साठ इंचांपर्यंत तपासायचा. दोन टेप चुकीचे निघाले. एकाचं पितळी टोक कधीतरी निघालं होतं आणि कुणीतरी ते परत दाबून बसवताना पाव इंच खाल्लं होतं. दुसरा ताणला गेला होता. त्याचे साठ इंच पट्टीवर साठ इंच पाच सूत भरले. (आमच्याकडे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. सुतारही असंच मोजतात.)

मुलाने विचारलं, “पाच सुताने काय होतं, काकू?” म्हणून तिथेच हिशोब केला. साठ इंचांत पाच सूत म्हणजे अडतीस इंचांत साधारण तीन सूत. ताणलेल्या टेपवरच्या खुणा लांब लांब गेलेल्या असतात, त्यामुळे छाती खरी अडतीस इंच तीन सूत असताना टेप अडतीसच दाखवणार. आता तोच टेप घेऊन कागदावरही आखलं तर चूक परत फिटते, कारण आखतानाही तो तितकाच लांब मोजतो. घोटाळा होतो तो माप एका टेपने आणि आखणी दुसऱ्याने झाली की. बऱ्याच दुकानांत मालकाच्या गळ्यातला टेप वेगळा आणि कटिंगच्या टेबलावरचा वेगळा असतो, आणि गिऱ्हाईक ‘शर्ट जरा घट्ट झाला’ म्हणतं तेव्हा त्याचं कारण कुणालाच सापडत नाही. ते दोन टेप मी कापून टाकले. पंचवीस रुपयांना एक, असे चार फायबरचे नवे आणले, तपासले, आणि प्रत्येकाच्या मागे तारीख लिहिली.

दुसऱ्या दिवसापासून माणूस. माझे धाकटे दीर रोज सकाळी दुकानावरून जातात. “भावजी, आठवडाभर दहा मिनिटं उभे राहाल का?” असं विचारलं. ते हो म्हणाले आणि सगळा आठवडा शब्द पाळला.

माप घेण्याआधीच्या गोष्टी मी तिघांकडून तोंडपाठ करून घेतल्या. आधी विचारायचं, “माप घेऊ का?” मुली पुरुष गिऱ्हाइकाचं माप घेणार असतील तर बाजूने उभं राहायचं, समोरून मिठी मारल्यासारखा टेप फिरवायचा नाही. एक टोक गिऱ्हाइकालाच पुढे धरायला द्यायचं आणि मागून टेप फिरवून आणायचा. खिशातला मोबाइल, पाकीट काढायला सांगायचं. आणि ‘सरळ उभे राहा’ म्हणायचं नाही. तसं म्हटलं की माणूस छाती फुगवतो, पोट आत घेतो, आणि ते माप दिवसभर कुणाच्या अंगावर राहत नाही. त्यापेक्षा काहीतरी बोलत राहायचं. बोलताना माणूस आपोआप नेहमीसारखा उभा राहतो. छातीला टेप काखेखालून, मागे पाठीच्या पात्यांवरून न्यायचा आणि हात खाली सोडायला सांगून मगच आकडा वाचायचा. टेपच्या आत बोट घालायचं नाही. आम्ही माप अंगाचं घेतो, मोकळीक कागदावर देतो.

तिघांनी भावजींचं शोल्डर तीन-तीनदा मोजलं, एकमेकांना न सांगता चिठ्ठीवर लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मुलीची मापं साडेसतरा, साडेसतरा, सतरा इंच सहा सूत. मुलाची सव्वाअठरा, सव्वासतरा, अठरा. ताईंची सतरा, सतरा, सतरा.

ताईंना वाटलं त्यांचंच बरोबर, कारण तिन्ही वेळा एकच आलं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग भावजींना हात आडवा वर करायला सांगितला. खांद्याचं हाड संपतं तिथे खळगा पडतो, तिथे बोट ठेवून हात खाली घ्यायचा. ते हाडाचं टोक. दोन्ही टोकांवर शर्टवरच एक एक टिकली चिकटवली आणि मोजलं: साडेसतरा. ताई दर वेळी हाडाच्या पाव इंच अलीकडे थांबत होत्या, दोन्हीकडून मिळून अर्धा इंच. बारा वर्षांची ब्लाऊजची सवय, कारण ब्लाऊजचं शोल्डर आत घेतात. मुलाला मात्र हाड सापडतच नव्हतं, म्हणून त्याची मापं इंचभर इकडेतिकडे फिरत होती. दोघांची चूक वेगळी, म्हणून उपायही वेगळा करावा लागला. मुलाकडून मी दिवसाला पाच माणसांच्या खांद्यावर फक्त टिकल्या लावून घेतल्या, टेपशिवाय. ताईंना टिकली लावायला सांगून मग मोजायला लावलं. पाचव्या दिवशी तिघंही भावजींच्या शोल्डरला दोन सुतांच्या आत आली. आम्ही मर्यादा ठरवली: दोघांच्या मापात छातीला अर्धा इंच आणि शोल्डर, गळ्याला पाव इंचापेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजायचं. सरासरी काढायची नाही. एक माप चुकलेलं असेल तर सरासरीत चूकच मिसळते.

दुसऱ्या आठवड्यात, १९ जुलैला, समोरच्या इमारतीतले एक निवृत्त शिक्षक आले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. त्यांना गणपतीसाठी शर्ट हवा होता आणि मुलं शिकताहेत म्हटल्यावर चाचणीला अंगावर घालून बघायलाही ते तयार झाले. ताईंनी मापं घेतली, मुलाने वहीत लिहिली. माझे सासरे मास्टर होते आणि ते जसे मापं बोलत तशीच मीही बोलते, ताईही तशाच. छाती छत्तीस, शोल्डर पावणेसतरा, गळा साडेचौदा. मी मशीनवर होते. ऐकलं, बरोबर वाटलं.

२१ जुलैपासून कागद. ब्राऊन पेपरचा रोल ४२० रुपयांना आणला होता. पावसात तो मऊ पडतो आणि कडा वळतात, म्हणून मी त्याला गुंडाळून प्लास्टिकमध्ये ठेवायला सांगितलं आणि आखायच्या आधी इस्त्री फिरवून घेतली. पहिला नमुना भावजींच्या मापाचा. छाती ३८, शोल्डर १७½, गळा १५, लांबी २८½. पद्धती पुष्कळ आहेत. आमच्या दुकानाची अशी.

कागदाची डावी उभी कड म्हणजे पाठीची घडी. वर एक आडवी रेषा, ही गळ्याच्या कडेची पातळी. लांबी आम्ही इथूनच मोजतो, म्हणजे मानेच्या बाजूला खांदा सुरू होतो तिथून. या रेषेपासून खाली छातीचा चौथा भाग अधिक अर्धा इंच, म्हणजे साडेनऊ आणि अर्धा, दहा इंचांवर छातीची रेषा. त्या रेषेवर आडवं माप छाती अधिक चार इंच मोकळीक, भागिले चार: बेचाळीसचा पाव, साडेदहा. वरच्या रेषेवर गळ्याची रुंदी गळ्याचा सहावा भाग अधिक पाव, म्हणजे पावणेतीन. मागचा गळा पाऊण इंच खोल, पुढचा तीन इंच. शोल्डरचं निम्मं पावणेनऊ आडवं मोजायचं आणि तिथून दीड इंच खाली उतरायचं, कारण खांदा उतरता असतो. तो बिंदू गळ्याच्या बिंदूला जोडला की खांद्याची शिवण. खांद्यापासून छातीच्या रेषेपर्यंत मुंढ्याचा गोल. मागे तो साडेआठपर्यंत आत येतो, पुढे आणखी अर्धा इंच खोल, कारण हात पुढे येतात आणि पुढे कापड जास्त झालं तर चुण्या पडतात. बटणपट्टीची वाढ पुढच्या मधल्या रेषेच्या बाहेर. शिवणीची माया अजून नाही. माया सगळ्यात शेवटी, तपासणी झाल्यावर. आधीच माया धरली तर पुढची एकही तपासणी जुळत नाही.

बाही मुंढ्यावर अवलंबून असते म्हणून आधी मुंढा मोजायचा. टेप आडवा न ठेवता कडेवर उभा धरून गोलाबरोबर न्यायचा. मागचा साडेनऊ, पुढचा पावणेदहा, एकूण सव्वाएकोणीस. बाहीचा माथा छातीचा आठवा भाग वजा अर्धा, म्हणजे सव्वाचार उंच. मुंढ्याच्या निम्म्यातून पाव वजा केला की नऊ इंच तीन सूत. माथ्याच्या टोकाला टेप धरून तेवढं माप खालच्या रेषेला जिथे टेकेल तिथे बाहीची कड. ती मधल्या रेषेपासून साधारण आठ इंच तीन सुतांवर येते. त्या तिरक्या रेषेवर वर फुगवटा आणि खाली थोडा आत गोल दिला की माथ्याची कड साडेएकोणीसच्या आसपास भरते.

हे लिहिताना सोपं वाटतं. तिघांना पहिला नमुना पुरा करायला चार दिवस लागले. पण वेळ खरा घेतला तपासणीने, आणि मी तो देऊ केला. कागदावरच्या तपासण्या आम्ही चारच ठेवल्या. पहिली, छातीच्या रेषेची चारपट करून बघायची: साडेदहा चोक बेचाळीस, म्हणजे अडतीस अधिक चार. मुलाची शेहेचाळीस आली. त्याने आधी मोकळीक मिळवून पाव केला आणि सवयीने पुन्हा एक इंच दिला होता. प्रत्येक पावात एक इंच म्हणजे अख्ख्या शर्टात चार. कागदावर ती एक इंच रेघ किरकोळ दिसते, म्हणून चारपट करायची. दुसरी, पुढचा आणि मागचा खांदा एकमेकांवर ठेवून शिवणी सारख्या आहेत का बघायचं. दोन्ही सहा इंच दीड सूत यायला हव्यात. तसेच जोडून धरले की गळा आणि मुंढा सलग वळतात का, मध्ये कोपरा तर उभा राहत नाही ना, तेही दिसतं. तिसरी, अर्धा गळा, मागचा आणि पुढचा मिळून, गळ्याच्या मापाच्या निम्मा, साडेसात. चौथी, बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा किती जास्त. साध्या शर्टला दोन ते चार सूत. त्याहून जास्त असेल तर बाही लावताना माथ्याला बारीक चुण्या येतात. कमी असेल तर मुंढा ओढला जातो.

चौथीत दिघ्याची मुलगी अडकली. तिचा माथा सहा सूत जास्त निघाला. तिने सगळं नीट केलं होतं, तिला काही कळेना, डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याशेजारी बसले आणि तिनं काय केलं ते तारखेप्रमाणे तिच्याच तोंडून काढलं. बाही तिने आदल्या दिवशी सव्वाएकोणीसच्या मुंढ्यावर आखली होती. सकाळी पुढचा मुंढा फार खोल दिसतोय असं वाटून तिनं तो गोल जरा भरून काढला. गोल सपाट झाला की कड आखूड होते. मुंढा पावणेएकोणीसवर आला आणि बाही जुन्या मुंढ्याचीच राहिली. तेव्हापासून नमुन्याच्या कोपऱ्यात मुंढ्याचं माप आणि तारीख लिहायची, आणि मुंढ्याला रबर लागलं की बाही पुन्हा आखायची, असं ठरलं.

सरांचा नमुना मुलाने २ ऑगस्टला काढला. चारही तपासण्या बरोबर आल्या. मी स्वतः बघितलं आणि पाठ थोपटली. साठ रुपये मीटरने आणलेला मांजरपाट आधी रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेवला होता, कारण कोरा मांजरपाट आटतो आणि मग चाचणीच खोटी ठरते. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, सर आले. कच्चा टाका घातलेला शर्ट अंगावर चढवला.

खांद्याची शिवण हाडाच्या टोकापलीकडे अर्धा इंच लोंबत होती, दोन्हीकडे सारखी. पाठीवर मुंढ्याजवळ उभ्या घड्या पडल्या होत्या. सरांनी हात वर केला तर अख्खा शर्ट वर आला. छातीला मात्र छान बसला होता. मुलाचा चेहरा पडला. सर म्हणाले, “अरे, पेपर चुकल्यावर शाळेत जे करायचास तेच कर. उलटीकडून तपास.”

तसंच केलं, आणि या सात आठवड्यांतलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम हेच. आधी मांजरपाट मोजला: अर्धं शोल्डर आठ इंच सात सूत. कागद मोजला: आठ इंच सात सूत. म्हणजे कापताना चूक नाही. वही काढली: शोल्डर १७¾, निम्मं आठ इंच सात सूत. म्हणजे आखतानाही चूक नाही. मग सरांच्या खांद्यावर टिकल्या लावून पुन्हा मोजलं. पावणेसतरा. म्हणजे सोळा इंच आणि पाऊण. ताईंनी मोजलेलं बरोबर, त्यांनी बोललेलं बरोबर. वहीत बरोबर एक इंच जास्त.

मी मुलाला विचारलं, “पावणेसतरा म्हणजे किती?” तो म्हणाला, “सतरा आणि पाऊण.” त्याला ‘साडे’ आणि ‘सव्वा’ माहीत होतं. दोन्हींत पुढच्या आकड्यात मिळवायचं असतं, म्हणून त्याने ‘पावणे’तही मिळवलं. घरी, शाळेत त्याला हा शब्द कधी लागलाच नव्हता. दिघ्याच्या मुलीला विचारलं तर तिला यायचं, पण तीही क्षणभर थांबली. मला फार वाईट वाटलं. मी महिनाभर रोज त्याच्यासमोर पावणे-पावणे बोलत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

कागदावरच्या चार तपासण्यांनी ही चूक का पकडली नाही, यावर आम्ही त्या दुपारी बराच वेळ बोललो. त्या तपासण्या नमुना आपल्याशी आपण जुळतो का एवढंच सांगतात. चुकीच्या मापावरूनही नमुना आतून अगदी नीट जुळू शकतो. माप खरं आहे का हे बघायला माप घेतानाच वेगळी चाळणी हवी.

म्हणून दोन गोष्टी ठरल्या. पहिली, मापं बोलायची आणि लिहायची ती इंच आणि सुतात. पावणेसतराला म्हणायचं ‘सोळा, सहा सूत’ आणि लिहायचं १६-६. साडेसतरा म्हणजे १७-४. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि माप घेणाऱ्याने टेप अंगावरून काढायच्या आधी तो ऐकायचा. सासऱ्यांची भाषा दुकानातून जाते याचं मला दुःख आहे. बोलण्यात मी ‘पावणे’ सोडणार नाही, पण वहीत सूतच.

दुसरी, वहीतच एक ताळा. मध्यम बांध्याच्या पुरुषाचं शोल्डर छातीच्या निम्म्यातून दीड इंच वजा केल्यावर येतं त्याच्या इंचभर इकडेतिकडे असतं. भावजींचं बघा: एकोणीस वजा दीड, साडेसतरा. सरांचं अठरा वजा दीड, साडेसोळा. म्हणजे शोल्डर साडेपंधरा ते साडेसतरा यांच्यात हवं. १७¾ त्याबाहेर आहे. त्या दिवशी हा ताळा केला असता तर मापाच्या जागीच पुन्हा टेप लावला असता. ताळ्याबाहेर गेलं म्हणून माप चूकच असं नाही, फक्त पुन्हा मोजायचं. छाती बेचाळीसच्या वर गेली की हा ताळा चालत नाही. अंग वाढतं ते छाती-पोटाला, हाड तितकं रुंद होत नाही. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांचंही तसंच. त्यांची छाती पाठीच्या स्नायूंनी भरलेली असते. अशांचं माप दोघांनी घ्यायचं, बस्स. माझ्याकडे त्याला दुसरी युक्ती नाही.

वहीची जुनी ११ मापं आम्ही याच ताळ्याने चाळली. आणखी एक निघालं: छाती ३४ आणि शोल्डर १८. गिऱ्हाइकाला फोन केला, ते शनिवारी येऊन गेले. १७ होतं, ताळ्याच्या बाहेरच पण खरं. मुलीने लिहिलेलं, तिचा सात आठसारखा दिसतो. आता मापाची वही चौकटीची आहे आणि सातच्या आकड्याला तिने मधून आडवी रेघ मारायला सुरुवात केली आहे.

सरांचा नमुना मुलाने १२ ऑगस्टला पुन्हा काढला, या वेळी १६-६ वरून. मुंढा बदलला म्हणून बाही नवी. मांजरपाटाची दुसरी चाचणी १७ तारखेला झाली. शिवण हाडावर बसली. उजवीकडे जराशी तिरकी घडी राहिली, कारण सरांचा उजवा खांदा थोडा उतरलेला आहे. वर्षानुवर्षं त्या हाताने फळ्यावर लिहिलं, असं ते म्हणाले. आम्ही त्या बाजूचा उतार दोन सूत वाढवला आणि मुंढाही खाली तेवढाच उतरवला, म्हणजे त्याचा घेर तोच राहतो. नमुन्यावर ‘फक्त उजवा’ असं लाल पेनने लिहिलं.

खर्च असा आला: टेप १००, स्टीलची पट्टी १५०, कागद ४२०, मांजरपाट १४ मीटर ८४०, टिकल्या, खडू, पेन्सिली मिळून ९० च्या आसपास. एकूण सोळाशे रुपये. दोन्ही मुलांचा महिन्याचा खर्च वेगळा. मांजरपाट बारा मीटरमध्ये भागला असता, पण भावजींच्या पहिल्या नमुन्यात मी तिघांना वेगवेगळा कापू दिला, आणि ते केलं हे बरं झालं, कारण प्रत्येकाला आपली चूक अंगावर दिसली.

२३ ऑगस्टला, शनिवारी, तिघांनी खऱ्या कापडाला पहिल्यांदा कात्री लावली. भावजींचा शर्ट मुलीने कापला, ताईंनी आपल्या मिस्टरांचा, आणि मुलाने सरांचा. कापायच्या आधी त्याने वही, कागद आणि कापडावरची खडूची रेघ तीन ठिकाणी शोल्डर मोजलं, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. गणपतीच्या आदल्या दिवशी सर शर्ट न्यायला आले, दुकानातच घालून बघितला आणि हात वर केला. शर्ट खाली खोचलेला तसाच राहिला. ताईंच्या मिस्टरांचा गळा एक सूत घट्ट झाला होता. तो त्यांनी घरी उसवून बसवला.

दसऱ्यानंतर कॉलर आणि कफ सुरू करायचे आहेत. त्याआधी चारही टेप पुन्हा पट्टीला लावून बघायचे, ते काम मुलीने आपल्याकडे घेतलं आहे.